टंकायचे की यंत्राकडून वाचून घ्यायचे?

माझ्या ओळखीच्या एका शाळेने शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रतींचे सहा हजार फोटो काढले. प्रत्येकावर आठ रकाने. ते संगणकात भरायचे कसे? एकजण म्हणाले, यंत्र शंभरातले अठ्ठ्याण्णव रकाने बरोबर वाचते, मग टंकायचे कशाला?

हा आकडा फसवा आहे. आठही रकाने बरोबर असलेले दाखले मग शंभरात पंच्याऐंशीच्या आसपासच उरतात. सहा हजारांत सुमारे नऊशे दाखल्यांत कुठेतरी चूक, आणि ती कुठल्या नऊशेंत हे माहीत नाही!

म्हणून आधी प्रत्येक गठ्ठ्यातून थोडे थोडे असे शंभर फोटो निवडले आणि घड्याळ लावले. हाताने टंकायला एका दाखल्यामागे तीन मिनिटे, म्हणजे सगळ्याचे तीनशे तास. यंत्र वाचते क्षणात. वेळ जातो तपासण्यात. संगणकावर छापलेले दाखले चाळीस सेकंदांत तपासून झाले. हस्ताक्षरातल्यांना मात्र चार मिनिटे लागली. चुकलेले शोधा, खोडा, पुन्हा लिहा. त्यापेक्षा टंकणे स्वस्त. छापील होते चोवीसशे, त्यांचे काम सत्तावीस तासांचे. उरलेले छत्तीसशे हाताने, एकशे ऐंशी तास.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात. शेऱ्यात 'समाधानकारक' चुकले तर कोणाचे काही अडत नाही. जन्मतारीख चुकली तर पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत हेलपाटे. त्यात जुन्या कारकुनांनी मराठी व इंग्रजी आकडे बेलाशक मिसळलेले. मराठी एक हा इंग्रजी नवासारखाच दिसतो. सुदैवाने दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा असते. दोन्ही स्वतंत्र भरून घेतल्या आणि जुळल्या नाहीत तेवढेच फोटो पुन्हा पाहिले. अर्थात, मूळ दाखल्यातच चूक असेल तर ती तशीच ठेवून बाजूला नोंद करायची. दुरुस्ती करणारे आपण कोण?

तपासणाऱ्याचीही परीक्षा घेतली. यंत्राने वाचलेल्या मजकुरात मुद्दाम दहा चुका पेरल्या, त्याला न सांगता. सापडल्या सात. माणूस निष्काळजी नव्हता. समोर लिहिलेले 'कदम' दिसले की फोटोतले 'कदमा'सारखे काहीही कदमच वाटू लागते. हाताने टंकणाऱ्याची चूक निराळी. तो ओळ गाळतो, पण ती दाखल्यांच्या क्रमांकात खंड पडल्याने कळते.

तेव्हा हस्ताक्षरातल्या छत्तीसशे दाखल्यांच्या जन्मतारखा, पहिल्याने काय लिहिले ते न दाखवता, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा टंकून घेतल्या. दाखल्यामागे अर्धे मिनिट, तीस तास. छापील दाखल्यांचीही जन्मतारीख तशीच घ्यावी असे मी सुचवले होते. वीस तास वाढले असते. मुख्याध्यापक आधी नको म्हणाले, मग त्या सापडलेल्या सात आणि निसटलेल्या तीन चुकांची यादी त्यांनी मागवून घेतली. निसटलेल्यांपैकी एक जन्मतारखेतलीच होती.