चेहरा जागेवर, मागचं जग हलतं
(सडक अर्जुनी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) उंचीला घाबरणारा नायक मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली पाहतो आणि ती पोकळी एकाएकी खोल होत जाते. ही युक्ती जमवणारे छायाचित्रकार अर्मिन रॉबर्ट्स. त्यांचं नाव श्रेयनामावलीत आलं नाही, याची मला आजही खंत वाटते. खरा जिना वापरायचा तर कॅमेरा उभा वर-खाली न्यावा लागला असता आणि खर्च फार झाला असता. म्हणून जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती आडवी ठेवली आणि कॅमेरा जमिनीवरूनच सरकवला.

यात घडतं काय, ते आपल्याच महामार्गावर उलट दिशेने मांडून पाहू; तिथे पोकळी लांब गेली, इथे मागचं जवळ येईल. रस्त्याकडेला एक माणूस उभा आहे, त्याच्या मागे तीस मीटरवर मोहाचं झाड. कॅमेरा माणसापासून ३ मीटरवर, लेन्स २५ मिलिमीटरची. आता ट्रॉली रुळांवरून मागे घेत १२ मीटरवर न्यायची आणि त्याच वेळी झूम १०० मिलिमीटरपर्यंत वाढवायचा. अंतर चौपट, लेन्सही चौपट, म्हणून माणूस पडद्यावर तेवढाच राहतो. झाडाचं अंतर मात्र ३३ मीटरवरून ४२ वरच गेलं, म्हणजे चौपट नव्हे, सव्वापटीच्या आसपास. त्यामुळे झाड तिपटीहून थोडं जास्त मोठं होतं आणि माणसाच्या पाठीशी येऊन उभं राहतं.

नुसता झूम केला तर सगळं एकाच प्रमाणात वाढतं. नुसते चालत गेलो तर जवळचं भराभर वाढतं, लांबचं हळू. या दोन्हींची डोळ्यांना सवय आहे. इथे माणूस तसूभर वाढत नाही आणि मागचं जग मात्र अंगावर येतं. असं आपण कधी पाहिलेलंच नसतं, म्हणून पोटात गोळा येतो.

अवघड भाग सुरुवातीलाच असतो. ३ वरून ४ मीटरवर जाताना अंतर एक तृतीयांशाने वाढतं, ११ वरून १२ वर जाताना अकराव्या हिश्शानेच. ट्रॉली एका चालीने सरकली तरी झूम रिंगवरचे आकडे सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे रिंग फिरवणाऱ्या हाताचा वेग सतत बदलावा लागतो. शिवाय फोकस सांभाळणारा तिसरा माणूस हवा. चूक ओळखायची तर डोक्याचा माथा आणि चौकटीची वरची कड यांतली फट पाहा. ती कमी-जास्त झाली की शॉट गेला. मागे कोरी भिंत असेल तर सगळी मेहनत वाया, कारण बदलताना दिसायला काही उरतच नाही.

याच युक्तीचा 'जॉज'मधला (१९७५) समुद्रकिनाऱ्यावरचा शॉट झटक्यात संपतो. मला स्कॉर्सेसीच्या 'गुडफेलाज'मधला (१९९०) अधिक भीतीदायक वाटतो. दोन मित्र खाणावळीत खिडकीशी बसून बोलताहेत आणि बाहेरचा रस्ता इतक्या हळू जवळ येतो की काय बदललं ते कळत नाही, फक्त बसवत नाही.

मोबाइलवर करून पाहणाऱ्यांनी 4K मध्ये चित्रीकरण करत मागे चालत जावं आणि मोठं करण्याचं काम नंतर संकलनात करावं. ३८४० बिंदूंची रुंदी दुप्पट वाढवली की वापरायला १९२० उरतात. त्यापुढे चित्र फुटू लागतं, म्हणून सुरुवातीचं अंतर दुपटीहून जास्त वाढवू नका.