मुलाखतीचा दिवस

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बाईला आपण "काय विचारतील, काय सांगायचं" हे शिकवतो. तिचा तो दिवस कसा पार पडणार, याचा विचार मात्र राहून जातो. म्हणून गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका मैत्रिणीबरोबर बसून हा दिवस कसा आखला, तेवढंच आज सांगते.

ती राजगुरुनगरजवळ माहेरी राहते. नवऱ्यापासून वेगळी, पदरी सात वर्षांची मुलगी. कोथरूडमधल्या एका खासगी संस्थेत ऑफिस सहायकाची जागा होती. मुलाखत सकाळी अकराला.

वेळेचा हिशेब आम्ही उलटा मांडला. अकराची मुलाखत म्हणजे साडेदहाला दारात. वाकडेवाडीला एसटीतून उतरून शहराची बस मिळायला आणि कोथरूडला पोचायला एक तास. म्हणजे साडेनऊला वाकडेवाडी. एरवी तिथवर दीड तास लागतो, पण चाकणला गाड्या अडकतात, म्हणून दोन तास धरले. साडेसातची गाडी पुरली असती. आम्ही त्याच्या आधीची गाडी पकडायची ठरवली, कारण एखादी गाडी आलीच नाही तर मागची हाताशी राहते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वाचलेले पैसे बाजूला ठेवले, बस चुकली तर रिक्षाला.

पण सातची गाडी म्हणजे घरून साडेसहाला निघणं. मग पाणी कोण भरणार? मुलीचा डबा, शाळा? पुरुष उमेदवाराला हे प्रश्न नसतात. तिच्या आईशी आणि भावाशी आम्ही आदल्या रविवारीच बोललो. मुलीला शाळेत सोडायचं काम भावानं घेतलं. "बघू" या उत्तरावर थांबायचं नाही. कोण, किती वाजता, हे ठरवून घ्यायचं.

आता कागद. तिचा दहावीचा दाखला माहेरच्या नावानं, आधार कार्ड सासरच्या नावानं. समोरचा विचारतो, "ही तुम्हीच कशावरून?" आणि बाई गडबडते. ही दोन नावं जोडणारा कागद लागतो: विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं गॅझेट. तिच्याकडे विवाहाचा दाखला होता. तो आम्ही दहावीच्या दाखल्याच्या लगेच मागे लावला. मूळ कागद एका पाकिटात, सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्यात. मूळ कागद दाखवायचे, पण ठेवून यायचे नाहीत. एकदा तिथे राहिले की पुढे नोकरी सोडणंही अवघड होतं.

आदल्या रात्री धुतलेली, आधी नेसून सवय झालेली साडी काढून ठेवली. सकाळी दोन घास खाऊन निघायचं. बाहेर बाथरूम मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि अकरापर्यंत डोकं दुखायला लागतं. तसं करायचं नाही. पाण्याची बाटली आणि पाळीचा कपडा किंवा पॅड पिशवीत असू दे. स्वतःबद्दलची चार वाक्यं ती भाकऱ्या करताना रोज मोठ्यानं म्हणत होती. बसमध्ये नवं काही पाठ करायचं नाही.

पोचल्यावर आधी नाव नोंदवायचं, मग बाथरूमला जायचं, मग फोन बंद करून बसायचं. फॉर्म दिला तर सही करण्याआधी पूर्ण वाचायचा. कोऱ्या कागदावर सही नाही.

मग भिंतीकडे बघायचं. कामाचे तास, सुट्ट्यांचा फलक आहे का? दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि ती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. तो दिसला म्हणून सगळं आलबेल असतं असं नाही. नसला तर विचारायला एक प्रश्न मिळतो. तिथल्या बायकांशी वरिष्ठ कसं बोलतात, तेही कानावर पडतं.

आमच्या मैत्रिणीला पाऊण तास थांबावं लागलं. चहा घेऊन आलेल्या बाईला तिनं सहज विचारलं, "सुटता किती वाजता?" ती म्हणाली, "कागदावर साडेपाच. महिनाअखेरीला आठ." परतीच्या एसटीचा आणि मुलीचा हिशेब तिच्या डोक्यात होताच. आत "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर तिनं जादा वेळेचं विचारलं. त्या दिवशी काय मिळतं, कोण सोडतं, हे त्यांना सांगावं लागलं. शेवटी त्यांनी मूळ दाखला ठेवून जायला सांगितलं. तिनं झेरॉक्सचा संच पुढे केला आणि म्हणाली, "मूळ केव्हाही दाखवायला आणीन." त्यांनी संच घेतला.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. महिनाअखेरीला सातच्या आत सोडावं, एवढी अट घालून ती रुजू झाली. ही अट तिला सुचली ती बाहेरच्या बाकावर.

तुमच्या गटातली कुणी जाणार असेल, तर आदल्या आठवड्यात तिच्याबरोबर तासभर बसा. घड्याळ, कागदांचं पाकीट आणि घरातल्या कामांची वाटणी, तिन्ही समोर ठेवूनच उठा.