नव्या पेठेत भाजी विकता, मग हे कर्ज तुमचंही आहे

आज बोलू या पीएम स्वनिधी योजनेबद्दल. रस्त्यावर, हातगाडीवर किंवा पाटी घेऊन विक्री करणाऱ्यांसाठी ही कर्जाची योजना केंद्र सरकारने जून 2020 मध्ये सुरू केली. तिचं काम महापालिका किंवा नगरपालिका आणि बँका मिळून करतात.

महापालिकेच्या शिबिरात मोठा फलक असतो. त्यावर लिहितात, ‘पात्र पथविक्रेत्यांनी लाभ घ्यावा.’ आपली बाई तो वाचते आणि पुढे जाते. तिला वाटतं, पथविक्रेता म्हणजे शहरातला गाडीवाला; मी तर खेड्यातली. फलकाखालची ओळ साधी असती तर ती थांबली असती. ती ओळ अशी लिहावी:

‘तुम्ही शहराच्या हद्दीत रस्त्यावर किंवा फिरून विक्री करता का? राहता जवळच्या गावात, तरी चालेल. पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, तारण नाही. आधार कार्ड घेऊन या.’

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. योजनेत विक्रेत्यांचे चार गट आहेत. पहिल्या गटाकडे महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असतं. दुसऱ्याचं नाव पाहणीत आहे, पण कार्ड हाती आलेलं नाही. तिसरा गट पाहणीत सुटलेल्यांचा. चौथा गट आपला: राहणं शहरालगतच्या गावात, विक्री मात्र शहराच्या हद्दीत. म्हणजे पत्ता गावचा आहे एवढ्यावरून कुणी नाही म्हणू शकत नाही.

आता धरा, दक्षिण सोलापुरातल्या एका गावची ताई रोज सकाळी एसटीने येते आणि नव्या पेठेच्या कडेला कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. तिच्याकडे कार्ड नाही, पाहणीतही नाव नाही. तिला लागतं शिफारस पत्र. हे पत्र बँक देत नाही, महापालिका देते. आपण इथे विक्री करतो याचा पुरावा तिने जोडावा: विक्रेता संघटनेचं सदस्यत्व असेल, धंद्यासाठी आधी घेतलेल्या कर्जाचा कागद असेल, किंवा विक्री दाखवणारा दुसरा एखादा कागद. यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज द्यावा: कुठे बसते, काय विकते, कधीपासून विकते. मग महापालिका जागेवर चौकशी करते. अर्ज देताना तारखेसह पोच मागून घ्या. योजनेच्या नियमाप्रमाणे पत्र 15 दिवसांत द्यायचं असतं, आणि पोच हातात असली की विचारायला जाता येतं.

पत्र आलं की बँकेत अर्ज. आधार क्रमांकाला जोडलेला मोबाइल सुरू असू द्या, कारण अर्ज भरताना त्यावर क्रमांक येतो. तो क्रमांक भरणाऱ्यालाच सांगा, आणि तोही समोर बसूनच.

पहिलं कर्ज पूर्वी 10 हजार होतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने योजना 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली, तेव्हा ते 15 हजारांपर्यंत नेलं. ते एका वर्षात मासिक हप्त्याने फेडायचं. व्याज बँकेच्या दराने लागतं, त्यातलं वर्षाला 7 टक्के सरकार परत देतं. उदाहरणासाठी बँकेचा दर 12 टक्के धरू. ताईचा हप्ता साधारण 1,333 रुपये येईल आणि वर्षाचं व्याज 1 हजाराच्या आसपास. त्यातले साधारण 580 रुपये तिच्या खात्यात परत येतील. ही रक्कम नंतर जमा होते, त्यामुळे हप्ता मात्र पूर्णच भरायचा. ‘सरकार व्याज भरतं’ असं समजून हप्ता अर्धवट ठेवला तर फसगत होते: खातं थकीत झालं की त्या काळाचं अनुदान मिळत नाही, आणि पुढचं कर्जही अडतं.

पहिलं वेळेत फेडलं की दुसरं 25 हजारांपर्यंत आणि तिसरं 50 हजारांपर्यंत मिळू शकतं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

कुणाला मिळत नाही, तेही ऐका. पक्क्या दुकानाच्या मालकाला नाही. घरी चटणी करून फक्त दुकानदाराला घालणाऱ्या बाईला नाही, कारण ती रस्त्यावर विकत नाही. शहरापासून दूरच्या गावात फक्त आठवडी बाजार करणारीला आज मिळणार नाही. मात्र 2025 च्या बदलात जनगणनेने शहर मानलेली मोठी गावं आणि शहरालगतचे भाग टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरलं आहे. आपलं गाव त्यात आलं का, हे जवळच्या नगरपालिकेत विचारा.

पुढच्या गटसभेत एवढंच करा: आपल्यापैकी कोण शहरात विकायला बसतं, कुठे आणि कधीपासून, ते वहीत लिहा. शिफारस पत्राच्या अर्जात हेच तीन प्रश्न येतात.