पोलिसांची गाडी नेमकी कुठे गाठते? (भागाचा मजकूर)

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. तो अकरावीला आहे. वहीच्या पानाचा फोटो आणि खाली एकच ओळ: "दादा, उत्तर २४ आलंय, पण माझं १२ येतंय. कुठे चुकलं?"

गणित तुम्हीही कधीतरी सोडवलं असेल. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी थांबलेली आहे. तिच्या शेजारून एक कार सुसाट जाते. त्याच क्षणी पोलिसांची गाडी निघते आणि ठरावीक त्वरणाने वेग वाढवत जाते. ती कारला कधी गाठेल आणि कुठे गाठेल?

आकडे घेऊया. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा सपाट भाग डोळ्यासमोर आणा. तिथे कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. आपली कार चाललीये ताशी १०८ ने, एकसारख्या वेगाने. आता पहिलं काम म्हणजे १०८ ला ३.६ ने भागायचं. आले ३० मीटर प्रति सेकंद. हे आधीच करून टाका, कारण पोलिसांच्या गाडीचं त्वरण आपण मीटर आणि सेकंदात घेणार आहोत: २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग २.५ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. या हिशेबाने शून्यापासून ताशी १०० व्हायला साधारण ११ सेकंद लागतात, म्हणजे साध्या गाडीला शोभेल असाच आकडा आहे.

भावाने काय केलं होतं? त्याने दोघांचे वेग समान धरले. २.५ गुणिले वेळ बरोबर ३०, म्हणून वेळ १२ सेकंद. वरवर बघितलं तर पटतं. पण १२ व्या सेकंदाला कोण कुठे आहे ते बघा. कार ३० गुणिले १२, म्हणजे ३६० मीटर पुढे गेलीये. पोलिसांची गाडी शून्यापासून ३० पर्यंत पोचली, म्हणजे तिचा सरासरी वेग १५. १५ गुणिले १२, १८० मीटर. अजून १८० मीटरचं अंतर आहे!

उलट सगळ्यात जास्त अंतर याच क्षणी असतं. जोपर्यंत कारचा वेग जास्त आहे तोपर्यंत मधलं अंतर वाढतच राहणार. पोलिसांचा वेग जास्त झाला की ते कमी व्हायला लागणार. वेग समान होणं म्हणजे अंतर वाढायचं थांबणं, गाठणं नव्हे. गाठण्यासाठी जागा समान लागते.

मग जागा समान करूया. कारची जागा ३० गुणिले t. पोलिसांची जागा त्वरणाच्या निम्मे गुणिले वेळेचा वर्ग.

```
30 t = 1.25 t²
```

याची उत्तरं दोन: t = 0 आणि t = 24. शून्य हे उत्तर चुकीचं नाही बरं का. त्या क्षणी कार पोलिसांच्या शेजारूनच जात होती, दोघं एकाच जागी होते. आपल्याला त्यानंतरची भेट हवीये, म्हणून २४ सेकंद. आणि जागा ३० गुणिले २४, ७२० मीटर. पडताळा घ्या: १.२५ गुणिले ५७६, तेही ७२०. जमलं.

भावाला हे पाठवलं. मला वाटलं आता "थँक्यू दादा" येईल आणि मी झोपेन. पाच मिनिटांनी मेसेज आला: "दादा, म्हणजे २४ व्या सेकंदाला पोलिसांचा वेग ६० झाला. ताशी २१६. पोलिसांची गाडी २१६ ने पळते?"

मी उठून बसलो. खरं सांगतो, अकरावीत, बारावीत, प्रवेश परीक्षेच्या तयारीत मी हे गणित किती वेळा सोडवलं असेल देव जाणे. शेवटचा वेग काढून तो शक्य आहे का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. उत्तर पर्यायांमध्ये सापडलं की पुढचा प्रश्न.

आणि हे २१६ म्हणजे १०८ ची बरोबर दुप्पट. योगायोग नाही. दोघं एकाच जागेवरून, एकाच क्षणी सुरू झाले आणि पुन्हा एकाच जागी भेटले. अंतर तेवढंच, वेळही तेवढाच, म्हणजे सरासरी वेगही तेवढाच असणार. कारचा सरासरी वेग ३०. पोलिसांचा वेग शून्यापासून सरळ रेषेत वाढत गेला, म्हणून त्यांचा सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा. तो निम्मा ३० हवा, तर शेवटचा ६० होणारच. गंमत बघा, यात त्वरण कुठेच आलं नाही. त्वरण दुप्पट केलं तर पोलीस १२ सेकंदांत गाठतील, ३६० मीटरवर, पण तेव्हाही वेग ताशी २१६ च असेल. म्हणजे पुस्तकातलं गणित एक गोष्ट गुपचूप गृहीत धरतं: पोलिसांच्या गाडीला वेगाची मर्यादाच नाही.

तर आम्ही दोघांनी रात्री अकराला ठरवलं की गाडीला मर्यादा घालू. समजा ती जास्तीत जास्त ताशी १४४ ने पळू शकते, म्हणजे ४० मीटर प्रति सेकंद. आणि अजून एक. कार गेली, वेग बघितला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागून काही येत नाही ना ते पाहिलं, यात वेळ जातोच. तो धरूया ४ सेकंद.

आता एका समीकरणात सगळं बसत नाही, तुकडे करावे लागतात. पहिला तुकडा: ४ सेकंद पोलीस जागेवरच. दुसरा: त्वरण. ४० पर्यंत पोचायला १६ सेकंद लागतात, आणि सरासरी २० च्या वेगाने त्यात ३२० मीटर जातात. म्हणजे २० व्या सेकंदाला पोलीस ३२० मीटरवर आणि कार ६०० मीटरवर. अंतर २८०. तिसरा तुकडा: आता पोलीस ४० ने, कार ३० ने. दर सेकंदाला अंतर १० मीटरने कमी होतं. २८० मीटर मिटायला २८ सेकंद. एकूण ४८ सेकंद, जागा १४४० मीटर. ७२० चे थेट दुप्पट झाले.

या ४ सेकंदांची किंमत बघा. उशीर नसता तर याच गाडीने ३२ सेकंदांत गाठलं असतं. म्हणजे ४ सेकंदांचा उशीर झाला आणि गाठायला १६ सेकंद जास्त लागले. कारण त्या ४ सेकंदांत कार १२० मीटर पुढे गेली, आणि ते १२० मीटर आपण सेकंदाला फक्त १० मीटरने भरून काढतोय. त्याला १२ सेकंद, अधिक वाया गेलेले ४.

भाऊ हुशार. म्हणाला, "गाडी १२० च्या वरच जात नसेल तर?" तुकडे तेच. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. कारपेक्षा फक्त ३.३ ने जास्त. पूर्ण वेग येईपर्यंत साधारण २९८ मीटरचं अंतर पडलेलं असतं, आणि ते ३.३ ने मिटवायला जवळजवळ दीड मिनिट. एकूण सुमारे १०७ सेकंद, जागा ३.२ किलोमीटर. कमाल वेग १४४ चा १२० झाला, सहाव्या भागाने कमी, आणि रस्ता दुपटीहून जास्त लांबला. आणि गाडी १०८ लाच अडकली तर? कधीच गाठत नाही. कितीही जोरदार त्वरण असू दे.

मग मी सवयीप्रमाणे लॅपटॉप उघडला. त्याला म्हटलं, समीकरण न सोडवता पण उत्तर काढता येतं, दोघांना थोडं थोडं पुढे सरकवत जा.

```python
dt = 0.01
t = x_car = x_police = v = 0.0
while t < 4 or x_police < x_car:
    t += dt
    x_car += 30 * dt
    if t > 4:
        v = min(v + 2.5 * dt, 40)
        x_police += v * dt
print(round(t), round(x_car))
```

यात उत्तर ४८ सेकंद येतं, आणि अंतर १४४० च्या दोन-तीन मीटर आत. तंतोतंत येत नाही, कारण आपण सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या उड्या मारतोय. भावाने आधी `while` मध्ये `x_police != x_car` लिहिलं होतं, आणि प्रोग्राम थांबेचना. उड्या मारत जाताना पोलीस एका उडीत कारच्या किंचित मागे असतात आणि पुढच्या उडीत किंचित पुढे. बरोबर समान असा क्षण त्यांच्या हाती लागतच नाही. म्हणून "समान झाले का" असं न विचारता "ओलांडलं का" असं विचारायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी याच चुकीने माझी एक अख्खी दुपार खाल्ली होती, त्यामुळे हे मात्र मला लगेच दिसलं.

शेवटी त्याने विचारलं, "मग खरे पोलीस काय करतात?" खऱ्या रस्त्यावर ते बहुतेक वेळा पाठलाग करतच नाहीत. महामार्ग पोलिसांच्या गाडीवरची स्पीड गन वेग आणि नंबर टिपते आणि चलान मोबाईलवर येतं. आणि कोणाला थांबवायचंच असेल तर वायरलेसवरून पुढच्या टोलनाक्याला कळवतात. रेडिओचा संदेश लगेच पोचतो, आणि कार मात्र सेकंदाला ३० मीटरनेच जात असते. आपलं १०७ सेकंदांचं उत्तर एकदा बघितलं की ते असं का करतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

भावाने दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर २४ च लिहिलं, कारण प्रश्नात कमाल वेग दिलेला नव्हता. पण खाली एक ओळ जोडली: "या वेळी पोलिसांच्या गाडीचा वेग ताशी २१६ किमी असेल." सरांनी त्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "मग?"

त्याने मला फोटो पाठवून विचारलं, हे शाबासकी आहे की ओरडा? मी म्हटलं, तो प्रश्न आहे, उद्या जाऊन उत्तर दे. तुकड्यांचं पान घेऊन जा.

तुमच्यासाठी एक काम. कार १०८ ऐवजी १२६ ने जातेय. पोलिसांचा कमाल वेग १४४, त्वरण तेच, उशीर तोच ४ सेकंदांचा. किती सेकंद आणि किती मीटर? कागदावर काढा, मग वरच्या कोडमध्ये ३० च्या जागी ३५ टाकून पडताळा. उत्तर पुढच्या भागात सांगतो. भेटूया!