टेबलावर थांबलेला अर्ज



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "थांबलेल्या अर्जाविषयी बोलतो." त्यांना वाटले, मी सरकारी कचेऱ्यांवर तोंडसुख घेणार. तसा माझा विचार नाही. मला आज एका लहान यंत्रणेबद्दल सांगायचे आहे. मंजुरी देणाऱ्याने अर्ज फार दिवस ठेवून घेतला की ती त्याला आपोआप आठवण करते, आणि तरीही तो हलला नाही तर त्याच्या वरिष्ठाला कळवते. अशी यंत्रणा आता बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या संगणकात असते. ती असूनही अर्ज का थांबतो, हा माझा विषय आहे.

ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. आपल्या सरकारी कचेरीत कारकुनाच्या टेबलावर कार्यविवरण नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद तीत चढवायचा, निकालात निघाला की तशी नोंद करायची आणि आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढून वरिष्ठापुढे ठेवायचा, अशी रीत आहे. मागील शिल्लक किती, नवीन किती, निकाली किती आणि उरले किती, हे त्या गोषवाऱ्यात येते. म्हणजे कारकुनाला आठवण आणि त्याच्या साहेबाला वर्दी, ही दोन्ही कामे एक वही करीत होती. पुढे आपल्या राज्यात बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा २००५ चा कायदा आला. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याने असे ठरवले की सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक राहू नये, तातडीची शक्यतो ४ दिवसांत निघावी, आणि त्याहून निकडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी. सगळ्या कागदांना एकच मुदत लावली नाही, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाच्या हाती आणखी एक शिडी दिली. ठरल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. पण त्या कायद्याच्या रचनेत शिडी चढायची ती अर्जदाराने स्वतः. हरियाणाने २०२१ साली यात एक पाऊल पुढे टाकले. मुदत उलटली की अपील संगणकच दाखल करतो आणि ते वरच्या अधिकाऱ्याकडे आपोआप जाते, अशी सोय त्यांनी केली. वरवर पाहता फरक लहान दिसतो. तो किती मोठा आहे, ते मला एका मोल्डरने शिकवले.

आपल्या जिल्ह्यातल्या एका फौंड्रीत हा मोल्डर कामाला होता. फौंड्रीचे नाव मी घेत नाही. त्याचा पगार राज्य विम्याच्या मर्यादेवर गेलेला, त्यामुळे बायकोच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या अंगावर आला. कारखान्यात कामगारांसाठी औषधोपचाराची उचल मिळते. त्याने ४० हजारांचा अर्ज मोबाईलवरून केला. अर्जाची वाट अशी होती : पाळीचा सुपरवायझर, मग खातेप्रमुख, मग कार्मिक अधिकारी, मग हिशेब विभाग. सुपरवायझरने त्याच दिवशी मान्यता दिली आणि अर्ज खातेप्रमुखाकडे जाऊन थांबला.

मी त्याला विचारले, "तू साहेबांना जाऊन सांगितले नाहीस का?" तो म्हणाला, "दादा, दोनदा गेलो की. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणतील, हा लई मागं लागतोय. आणि त्यांच्या वरच्या साहेबाकडं गेलो तर झालंच. उद्या ओव्हरटाइम कोण देणार मला?"

बंधुभगिनींनो, या विषयाचे मर्म या उत्तरात आहे. अर्ज अडला की वर जाण्याचा हक्क कागदावर सर्वांना असतो, पण तो वापरणे म्हणजे ज्याच्या हाताखाली रोज राबायचे त्याच्याविरुद्ध तक्रार करणे. वही किंवा यंत्र जेव्हा आपणहून वर कळवते तेव्हा तक्रार कोणीच केलेली नसते. मुदत संपली, एवढेच घडलेले असते. यंत्राला ओव्हरटाइमची भीती नसते.

मग या कारखान्यात यंत्र नव्हते का? होते. अकराव्या दिवशी त्या मोल्डरने सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी ४० हजार उचलले, म्हणजे दरमहा २ हजारांचे नुसते व्याज. त्यानंतर आम्ही व्यवस्थापनाकडे त्या अर्जाचा संगणकातला सगळा इतिहास मागितला. तिसऱ्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत खातेप्रमुखाला रोज एक, अशा ९ आठवणी गेल्या होत्या. सहाव्या दिवशी त्याच्या वरिष्ठालाही सूचना गेली होती. यंत्राने आपले काम चोख केले होते आणि निर्णय मात्र एकही झाला नव्हता.

कारणे शोधली तेव्हा तीन सापडली. पहिले असे की खातेप्रमुखाला हातमोज्यांच्या मागणीपासून रजेपर्यंत सगळ्याच्या आठवणी एकाच साच्यात येत. "आपल्याकडे १ विनंती प्रलंबित आहे", एवढाच मजकूर. कोणाची, कशाची, काय अडले आहे, काही नाही. रोज असे पंचवीस-तीस संदेश येऊ लागल्यावर त्याने ते परस्पर वेगळ्या कप्प्यात जातील अशी व्यवस्था करून टाकली होती. दुसरे असे की त्यातले चार दिवस तो रजेवर होता आणि त्याच्या जागी कोण, हे यंत्राला कोणी सांगितले नव्हते. तिसरे कारण ऐकून आपण हसाल. वरिष्ठ म्हणून यंत्रात ज्यांचे नाव होते ते गृहस्थ चार महिन्यांपूर्वी सेवानिवृत्त झाले होते. सहाव्या दिवसाची सूचना त्यांच्या बंद पडलेल्या पेटीत जाऊन पडली.

आम्ही वाटाघाटीला बसलो तेव्हा व्यवस्थापनाचा पहिला प्रस्ताव होता की आठवण दिवसातून दोनदा पाठवू. मी म्हटले, बहिऱ्यापुढे शंख दोनदा फुंकून काय होणार? शेवटी जे ठरले ते सांगतो.

अर्जांच्या तीन प्रती केल्या. औषधोपचाराची उचल प्रत्येक टेबलावर कामाचे २ दिवस, रजा ३ दिवस, बाकी सर्व ७ दिवस. मुदत संपल्यावर हाका मारीत बसण्याऐवजी निम्मी मुदत सरली की एकच आठवण जावी. तीत अर्जदाराचे नाव, रक्कम, उरलेली वेळ आणि 'अमुक वाजता हा अर्ज अमुक अधिकाऱ्यांकडे जाईल' हे वाक्य असावे. हे शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी ठरले. मुदत संपताच अर्ज वरिष्ठाकडे जावा, आणि नुसती वर्दी म्हणून नव्हे, तर निर्णयाच्या अधिकारासकट. त्याने एका दिवसात स्वतः निकाल द्यावा किंवा दुसऱ्याकडे सोपवावा. वरिष्ठ कोण हे माणसाच्या नावावरून न ठरता पदावरून ठरावे, आणि पद रिकामे असेल तर सूचना त्याच्याही वरच्या पदाला जावी. रजेवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने बदली माणूस नोंदवल्याशिवाय त्याची स्वतःची रजा मंजूर होऊ नये.

आमच्यातल्या काही तरुणांचे म्हणणे होते की मुदत संपली की अर्ज आपोआप मंजूरच धरावा. खात्यावर शिल्लक असलेल्या किरकोळ रजेपुरते ते आम्ही मान्य केले. पैशापुरते मी त्याला विरोध केला. उचलीचा निधी सगळ्या कामगारांचा आहे. त्यातून रक्कम गेली तर ती कोणी दिली, हे सांगणारी एक सही असलीच पाहिजे. यंत्राच्या मौनाला जाब विचारता येत नाही.

एवढे करूनही पहिल्या महिन्यात एक पळवाट निघाली. उचलीचे बारा अर्ज आले, त्यातले पाच मुदतीच्या शेवटच्या तासात 'कागद अपुरे' म्हणून परत गेले. परत गेलेला अर्ज पुन्हा आला की घड्याळ शून्यापासून सुरू होई. म्हणजे आठवण गेली, मुदत पाळली गेली, पाटी कोरी दिसली आणि कामगार जागच्या जागी. म्हणून दोन दुरुस्त्या केल्या. शंका असतील त्या सर्व एकाच वेळी आणि पहिल्या दिवशीच विचाराव्यात. आणि कामगाराच्या उत्तराची वाट पाहताना घड्याळ थांबावे, पण मागे जाऊ नये. आपल्यापैकी कोणाच्या कचेरीत अशी यंत्रणा असेल तर 'थकलेले किती' एवढेच विचारू नका. निर्णय मुदतीच्या कोणत्या दिवशी झाले ते विचारा. नकार आणि परती शेवटच्या दिवशी साचलेल्या दिसल्या, तर समजा की लोक अर्जाशी नव्हे, घड्याळाशी खेळत आहेत.

शेवटी, ज्याच्याकडे अर्ज थांबतो त्याच्या बाजूनेही एक शब्द बोलले पाहिजे, कारण तोही पगारी माणूस आहे. वरिष्ठाकडे गेलेल्या अर्जांची यादी आम्ही तीन महिन्यांनी पाहिली तेव्हा बहुतेक अर्ज त्याच एका खातेप्रमुखाचे निघाले. सरळ अर्थ असा लागला असता की माणूस आळशी. पण त्याच्याकडे दोन खाती होती. शेजारच्या खात्याचा प्रमुख सोडून गेल्यावर ती जागा भरलीच नव्हती. एकाच प्रकारचे अर्ज एखाद्याकडे थांबत असतील तर त्या माणसाशी बोलावे. सगळ्याच प्रकारचे थांबत असतील तर त्याचे टेबल मोजावे. ती जागा भरली गेली आणि यादी आखूड झाली. त्या माणसाला दटावून ती आखूड झाली नसती.

त्या मोल्डरचा अर्ज पुढे वरिष्ठांच्या सहीने मंजूर झाला आणि सावकाराचे मुद्दल फिटले. एका महिन्याचे २ हजार मात्र गेले ते गेलेच. त्याच्या बायकोची प्रकृती आता बरी आहे. परवा तो भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, औंदा रजेचा अर्ज टाकला, तर कुणाकडं जावंच लागलं नाही."