बाण कुठून निघतो?



मी सेंद्रिय रसायन शिकवतो. दरवर्षी वह्या तपासताना एक चूक भेटते आणि तिचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती करूनही उत्तर बरोबर येतं. आजचं व्याख्यान त्या एका चुकीवर आहे.

फळ्यावर मी अॅलिल कॅटायन काढतो: CH₂=CH–CH₂⁺. तीन कार्बन, डावीकडे दुहेरी बंध, उजव्या टोकाला धनभार. याचं दुसरं रेझोनन्स रूप काढा म्हटलं की बरीच मुलं अधिक चिन्हापासून वक्र बाण काढतात, तो डाव्या टोकाला नेतात आणि लिहितात ⁺CH₂–CH=CH₂. रूप अगदी बरोबर. बाण मात्र साफ चूक.

वक्र बाण ही खूण 1922 साली कर्मॅक आणि रॉबिन्सन यांच्या निबंधात पहिल्यांदा आली आणि आज तिचा अर्थ असा आहे: इलेक्ट्रॉनांची एक जोडी इथून निघाली, तिथे गेली. म्हणून बाणाची शेपटी जिथे जोडी आहे तिथेच टेकली पाहिजे, म्हणजे एखाद्या बंधावर किंवा अणूवरच्या एकाकी जोडीवर. अधिक चिन्ह म्हणजे इलेक्ट्रॉनांची उणीव. जिथे काही नाहीच, तिथून काय निघणार?

अॅलिल कॅटायनमध्ये बाण एकच आहे. तो दुहेरी बंधाच्या मध्यातून निघतो आणि शेजारच्या एकेरी बंधावर उतरतो. ती जोडी आता मधला आणि उजवा कार्बन यांच्यामध्ये आली, उजव्याची उणीव भरली आणि डावा कार्बन उघडा पडला. धनभार स्वतः चालत गेला नाही. जोडी उजवीकडे सरकली म्हणून तो डावीकडे दिसू लागला. दोन रूपांमध्ये आपण ↔ ही खूण घालतो. ⇌ घालायची नाही, कारण ती दोन वेगळ्या रेणूंमधल्या समतोलाची आहे. इथे रेणू एकच आहे आणि तो या रूपातून त्या रूपात उड्या मारत नाही. त्याची दोन्ही टोकं सदासर्वकाळ सारखीच असतात. एका चित्रात ते दाखवता येत नाही म्हणून आपण दोन चित्रं काढतो.

आता कार्बोक्झिलेट घेऊ. फॉर्मेट आयनात एका कार्बनला दोन ऑक्सिजन जोडलेले असतात, एक दुहेरी बंधाने आणि दुसरा एकेरी बंधाने. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनवर ऋणभार असतो. इथे बाण दोन लागतात. पहिला ऋणभारित ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासून निघून त्याच्याच C–O बंधावर येतो. इथेच थांबलात तर कार्बनला पाच बंध होतील, आणि कार्बनभोवती आठाच्या वर इलेक्ट्रॉन मावत नाहीत. म्हणून त्याच वेळी दुसरा बाण काढायचा: C=O बंधातून त्याच्या ऑक्सिजनवर. आता भार मोजा. आधी उणे एक होता, नंतरही उणे एकच आहे. प्रत्येक बाणानंतर ही मोजणी करायची. एकूण भार बदलला किंवा एखादा अणू जागचा हलला, तर बाण चुकला असं समजा.

हे नुसतं कागदावरचं नाही, मोजून पाहता येतं. फॉर्मिक आम्लात कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध वेगवेगळ्या लांबीचे आहेत, 1.23 आणि 1.36 अँगस्ट्रॉम. त्यातला प्रोटॉन निघून सोडियम फॉर्मेट झालं की दोन्ही बंध सारखे होतात, 1.27 अँगस्ट्रॉम. आखूड आणि लांब असा भेद उरतच नाही.

मग चूक करूनही उत्तर बरोबर येत असेल, तर मी एवढा आग्रह का धरतो? त्यासाठी बेंझिल कॅटायनकडे जाऊ.

बेंझिन वलयाच्या पहिल्या कार्बनला CH₂⁺ जोडला आहे. वलयात 1-2, 3-4 आणि 5-6 असे दुहेरी बंध आहेत. पहिला बाण 1-2 बंधातून बाहेरच्या CH₂ कडे जाणाऱ्या बंधावर येतो आणि धनभार 2 वर दिसतो. पुढचा 3-4 मधून 2-3 वर येतो, धनभार 4 वर. त्यापुढचा 5-6 मधून 4-5 वर, धनभार 6 वर. शेवटचा बाहेरच्या दुहेरी बंधातून 1-6 वर येतो आणि धनभार CH₂ वर परततो. वलयातले दुहेरी बंध मात्र आता दुसऱ्या तीन जागी असतात. सगळी मिळून पाच रूपं झाली. धनभार ऑर्थो आणि पॅरा जागांवर आला. मेटा जागांवर, म्हणजे 3 आणि 5 वर, एकदाही आला नाही. नीट पाहिलंत तर प्रत्येक पाऊल अॅलिलचंच आहे.

एक मर्यादा इथेच सांगतो. या पाच रूपांचं वजन सारखं नाही. धनभार वलयात असलेल्या तीन रूपांमध्ये वलयाची अॅरोमॅटिकता मोडलेली असते. म्हणून क्लोराइड किंवा पाणी आलं की ते CH₂ लाच जोडलं जातं, कारण तसं झालं तरच वलय शाबूत राहतं. भार कुठे कुठे पोचतो ते बाण सांगतो. कुठे किती, हे आपल्याला तोलून ठरवावं लागतं.

आता चौथ्या कार्बनवर, म्हणजे पॅरा जागी, मेथॉक्सी गट बसवा: –OCH₃. अधिक चिन्ह सरकवणारा विद्यार्थी चौथ्या कार्बनपर्यंत येतो, तिथून सहाव्यावर जातो, पाच रूपं लिहितो आणि वही मिटतो. अधिक चिन्हाला पुढे सरकायला दुहेरी बंध हवा, आणि ऑक्सिजनकडे जाणारा बंध तर एकेरी आहे. पण जो विचारतो की उघड्या कार्बनच्या शेजारी जोडी कुणाकडे आहे, त्याला ऑक्सिजनची एकाकी जोडी दिसते. तो तिथून C–O बंधावर बाण काढतो आणि सहावं रूप मिळवतो: कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आणि धनभार ऑक्सिजनवर.

ऑक्सिजनवर धनभार पाहून मुलं दचकतात. पण या रूपात हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन पूर्ण आहेत, आणि आधीच्या पाचही रूपांत एक कार्बन सहांवर अडलेला होता. म्हणून या कॅटायनला सगळ्यात मोठा आधार या सहाव्या रूपाचाच आहे. पॅरा-मेथॉक्सीबेंझिल क्लोराइडमधून क्लोराइड साध्या बेंझिल क्लोराइडपेक्षा कितीतरी पट वेगाने सुटतो, तो याच कारणाने. तोच गट मेटा जागी बसवा, हा वेग मिळत नाही, कारण त्या कार्बनवर धनभार कधी येतच नाही आणि शेजारच्या ऑक्सिजनला आपली जोडी द्यायला जागा सापडत नाही.

अॅलिलमध्ये झाकली गेलेली चूक इथे उघडी पडली, आणि हातून गेलं ते नेमकं सगळ्यात वजनदार रूप. म्हणून इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. बाण काढण्याआधी पेन्सिल कागदावर टेकवा आणि स्वतःला विचारा, टोकाखाली कोणती जोडी आहे? जोडी नसेल, तर पेन्सिल उचला.