एकाच कानात का वाजते?



हेडफोनची तार आखूड पडते म्हणून आपण बाजारातून एक जोडतार आणतो. किंवा दोघांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून स्प्लिटर, म्हणजे एका छिद्राची दोन छिद्रे करणारा फाटा आणतो. घरी येऊन जोडतो, तो डाव्या कानात गाणे आणि उजव्या कानात शुकशुकाट! मग दोष हेडफोनला दिला जातो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी तर तो स्वतःच्या उजव्या कानालाच दिला आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याची तयारी केली. त्यांना आम्ही एवढेच सुचविले की, हेडफोन उलटा करून घाला. तसे करताच शुकशुकाट उजव्या कानातून उठून डाव्या कानात गेला. म्हणजे कान शाबूत होता. हेडफोन थेट मोबाइलला लावला, तर तो दोन्हीकडे वाजला. राहता राहिली मधली जोडतार.

ती असे का करते, हे समजून घेण्यासाठी प्लग हातात घेऊन पाहावा. ३.५ मिलिमीटर जाडीची ती धातूची कांडी आपल्याला अखंड वाटते. पण तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. त्या वीज अडवितात आणि कांडीचे तुकडे पाडतात. स्टिरिओ प्लगवर दोन पट्ट्या, म्हणून तुकडे तीन. टोकातून डाव्या कानाचा आवाज जातो, मधल्या कडीतून उजव्या कानाचा, आणि बुडाकडची नळी ही दोघांच्या परतीची सामाईक वाट. मोनो प्लगवर पट्टी एकच. त्याला टोक आहे, नळी आहे. कडी मात्र नाही. कडीच्या जागेपर्यंत नळीच पुढे आलेली असते.

आता मोनो जोडतार स्टिरिओ यंत्रात घातली की काय होते पाहा. यंत्राच्या सॉकेटात तीन स्प्रिंगा असतात. डाव्या आवाजाची स्प्रिंग टोकाला टेकते, तिचे काम बिनबोभाट होते. उजव्या आवाजाची स्प्रिंग जिथे कडी शोधते, तिथे तिला नळी भेटते. मग तो आवाज कानापर्यंत न जाता दारातूनच परतीच्या वाटेला लागतो. बहुतेक यंत्रे हे सोसतात. पण तार अशीच लावून ठेवणे आम्हांस पसंत नाही. जोडतारेच्या दुसऱ्या टोकालाही कडीसाठी स्प्रिंग नसते, तेव्हा हेडफोनची उजवी बाजू तिथेही अधांतरीच राहते.

कोणी म्हणेल, मग विकत घेताना पट्ट्या मोजाव्या म्हणजे झाले. मोजाव्याच, पण तेवढ्याने भागत नाही. काही तारांचा प्लग दोन पट्ट्यांचा असतो आणि पलीकडचे सॉकेट मोनो निघते. सॉकेटाच्या अंतरंगात डोळा पोचत नाही. तिथे कानानेच परीक्षा करावी: आधी फक्त डावीकडे आणि मग फक्त उजवीकडे बोलणारे ध्वनिमुद्रण लावून दुकानातच ऐकावे.

स्प्लिटरची गंमत याहून वेगळी आहे. समजा, एका ध्वनिमुद्रणात डावीकडे व्हायोलिन आणि उजवीकडे तबला ठेवला आहे. नवराबायको स्प्लिटर लावून ऐकायला बसली. दोघांच्याही डाव्याच कानात आवाज. पण नवऱ्याला नुसते व्हायोलिन आणि बायकोला नुसता तबला! हा स्प्लिटर बिघडलेला नाही. एका छिद्राला डावा आवाज आणि दुसऱ्याला उजवा, अशी वाटणी करण्यासाठीच तो घडविलेला असतो. दोन निरनिराळ्या स्पीकरांना आवाज पोचवायचा तर तो योग्यच. दोन श्रोत्यांना मात्र असा स्प्लिटर हवा की, ज्याची दोन्ही छिद्रे स्टिरिओ आहेत आणि प्रत्येकात दोन्ही आवाज येतात. दुकानदाराकडे नुसता 'स्प्लिटर' मागितला, तर तो हाताला येईल तो देईल. 'दोन हेडफोनांसाठी, स्टिरिओ' असे स्पष्ट मागावे. घरी आणलेला कोणता आहे, हे ओळखण्यासाठी दोघांनी छिद्रांची अदलाबदल करावी. वाद्येही बदलली, तर वाटणीचा. दोन्हीकडे तेच ऐकू आले आणि तेही डाव्याच कानात, तर मोनो.

तीन पट्ट्यांचे प्लगही आढळतात. त्यांत चौथा तुकडा मायक्रोफोनसाठी असतो. असा हेडफोन साध्या स्टिरिओ जोडतारेत घातला, तर कधीकधी वाद्ये दुरून वाजल्यासारखी येतात आणि गायकाचा आवाज नाहीसा होतो. हे परतीची वाट नीट न जुळल्याचे लक्षण आहे, मोनोचे नव्हे. तारेवरचे बटण दाबून धरताच गायक परत आला, तर हीच खूण पक्की.

आणि एक ध्यानात ठेवावे. मोनोच्या घोटाळ्यात मुकी होते ती उजवी बाजू, कारण टोक डाव्याचे. हेडफोन सरळ घातलेला असून डावी बाजूच मुकी असेल, तर पट्ट्या मोजत बसू नये. प्लगच्या मानेशी तार हळूच वाकवून पाहावी. आवाज येतजात राहिला, तर आत तार तुटली आहे. तिथे नवा प्लग डाखून घ्यावा लागतो.